बॉम्बर, बायकर आणि डेनिम : जॅकेट कापडावरून नाही, घडणीवरून ओळखा



आजचा विषय तसा साधा वाटेल. जॅकेट कोण वापरत नाही? पण दुकानात जाऊन ‘बॉम्बर दाखवा’ म्हटलं, की समोर जे येतं ते बघून आम्हाला दर वेळी प्रश्न पडतो, की हे नाव नेमकं कशाचं? कुणी चामड्याच्या प्रत्येक जॅकेटला बायकर म्हणतो, कुणी चेन असलेल्या प्रत्येक आखूड जॅकेटला बॉम्बर म्हणतो, आणि निळं दिसलं की ते डेनिम. आम्ही कपडे बेतायला आणि शिवायला शिकवतो, त्यामुळे या गोंधळाची झळ आमच्यापर्यंत पोचते. उसवलेली, सैल पडलेली, सोललेली जॅकेटं घेऊन लोक येतात, आणि निम्म्या वेळा दोष शिलाईत नसतो. ज्या कामासाठी ते जॅकेट बनलंच नव्हतं, त्या कामाला ते लावलेलं असतं.

म्हणून आज आपण ही तीन जॅकेटं चार ठिकाणी बघणार आहोत : कॉलर, खालची कड, चेन आणि कापड. यात कापड आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण सगळ्यात जास्त फसवतं ते कापडच. बॉम्बर चामड्याचं असू शकतं आणि नायलॉनचंही. बायकरच्या बेताचं जॅकेट डेनिममध्येसुद्धा मिळतं. कापड बदलता येतं, घडण बदलली की जॅकेटच बदलतं.

सुरुवात एका घरच्या गोष्टीने करू. आमचा एक भाचा पुण्यात नोकरीला आहे, रोज मोटरसायकलवरून जातो. त्याने मोबाइलवर बघून ‘लेदर बायकर जॅकेट’ मागवलं. फोटोत काळं, चकचकीत, छान दिसत होतं. दोन महिन्यांनी आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, “मामा, हे सारखं पाठीवर चढतं. कंबरेला वारा लागतो. आणि गळ्याशी बघा कसं सैल पडलंय.” आम्ही त्याला म्हटलं, “आधी ते टेबलावर पालथं टाक, मग बघू.” त्या जॅकेटकडे आपण परत येऊ. आधी मूळ तीन घडणी समजून घेऊ.

पहिलं बॉम्बर. नावावरूनच कळतं की हे विमानातलं जॅकेट आहे. अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाने १९३१ साली ए-२ नावाचं चामड्याचं जॅकेट वैमानिकांसाठी ठरवून दिलं. त्याला शर्टासारखी पडती कॉलर होती, आणि ती वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिच्या टोकांखाली टिचबटणं लपवलेली होती. समोर सरळ चेन. बाह्यांच्या आणि कंबरेच्या टोकाला विणलेल्या लोकरीची पट्टी. आपण जिला ‘रिब’ म्हणतो, तीच.

पुढे जेट विमानं आली, माणसं खूप उंच जायला लागली. चामडं ओलं झालं आणि उंचावरच्या थंडीत गारठलं, की कडक होतं. कॉकपिट लहान झालं, त्यात जाड चामडं अडचणीचं. म्हणून नायलॉन आलं. नायलॉनच्या आधीच्या बी-१५ या जॅकेटला फरची कॉलर होती. ती पॅराशूटच्या पट्ट्यांना अडायला लागली. मग एमए-१ मध्ये ती कॉलर काढून तिथे रिबची आखूड उभी पट्टी लावली. आज आपण ज्याला डोळे मिटून बॉम्बर म्हणतो, ते हे एमए-१. बाहेरून हिरवट, आणि १९६० च्या सुमारास आतलं अस्तर भडक नारिंगी केलं गेलं. विमान पडलं तर वैमानिकाने जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसेल.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ए-२ ला पडती कॉलर आहे, बी-१५ ला फरची, एमए-१ ला रिबची. कापड तर चामड्यावरून नायलॉनवर गेलं. म्हणजे कॉलर बदलली, कापड बदललं. तरीही तिन्ही एकाच घरातली. मग घराणं कशावरून ओळखायचं? खालच्या कडेवरून. बॉम्बरची खालची कड रिबची असते, आणि ती कंबरेला आवळून बसते. बसलेल्या माणसाच्या पट्ट्याखाली कापड गोळा होऊ नये आणि खालून थंड हवा शिरू नये, हे तिचं काम. बॉम्बर हे ताठ बसणाऱ्या माणसाचं जॅकेट आहे, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

चेन सरळ, मधोमध. तिच्या मागे आतून कापडाची एक उभी पट्टी असते, ती वारा अडवते. बॉम्बर घेताना चेन उघडून ती पट्टी आहे का ते बघा. स्वस्तात ती गाळलेली असते, आणि मग चेनच्या दातांमधून वारा थेट छातीला लागतो.

दुसरं बायकर. इथे चामडं आहे, पण ओळख चामड्यात नाही. न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ साली मोटरसायकलवाल्यांसाठी एक जॅकेट बनवलं आणि त्याला आपल्या आवडत्या सिगारचं नाव दिलं, ‘पर्फेक्टो’. तेव्हाची किंमत साडेपाच डॉलर. पुढे १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या अंगावर याच धाटणीचं जॅकेट दिसलं आणि ते जगभर पोचलं. पण मूळ जॅकेट रुबाबासाठी नव्हतं, वाऱ्यासाठी होतं.

बघा, मोटरसायकलवर माणूस पुढे झुकतो, दोन्ही हात पुढे ताणलेले. सरळ मधली चेन अशा वेळी पोटाशी दुमडते आणि वर गळ्याशी टोचते. म्हणून बायकरची चेन तिरकी असते. खाली मध्याच्या जवळून निघते आणि वर एका खांद्याच्या दिशेने जाते. त्यामुळे जॅकेटची एक बाजू दुसरीवर बरीच चढते. पूर्ण बंद केलं की छातीवर चामड्याचे दोन थर येतात, आणि वारा नेमका छातीवरच आपटत असतो. चेन अर्धी उघडी ठेवली की वरचे पल्ले कोटासारखे बाहेर वळतात. या पल्ल्यांच्या आणि कॉलरच्या टोकांना टिचबटणं असतात. ती सजावट नाही. वेगात सुटं चामडं सतत गालावर आणि गळ्यावर फटफटतं, ते दाबून ठेवायला ती असतात.

बाहीच्या टोकालाही रिब नसते, तिथे छोटी चेन असते. बाही मनगटाशी घट्ट बंद होते, हातमोज्यावरून किंवा हातमोज्याच्या आत. आणि खालची कड? चामडं दुमडून सरळ शिवलेलं. ताण अजिबात नाही. कंबर आवळायला बक्कल असलेला पट्टा असतो. पुढे झुकल्यावर ते बक्कल पेट्रोलच्या टाकीवर घासतं आणि ओरखडे पडतात, म्हणून बरेच चालवणारे पट्टा काढूनच ठेवतात. तर बायकरला विचारायचा प्रश्न एकच : चेन कुठून कुठे जाते?

इथे एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर तुम्ही आम्हालाच पकडाल. इंग्लंडमधल्या मोटरसायकलवाल्यांचं ‘कॅफे रेसर’ नावाचं जॅकेट आहे. चामड्याचं, पण चेन सरळ मधोमध. कॉलर म्हणजे फक्त एक बारीक उभी पट्टी, एका टिचबटणाची. हे बायकरच्याच कुळातलं. बॉम्बरपासून ते वेगळं कसं करायचं? परत खालच्या कडेवरून. कॅफे रेसरला रिब नसते, चामडंच दुमडलेलं असतं.

तिसरं डेनिम. इथे पहिलीच गंमत अशी की मूळ डेनिम जॅकेटला चेनच नसते. बटणं असतात, धातूची, कापडातून आरपार ठोकलेली. कारण सोपं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस कंपनीची ही जॅकेटं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि आज आपण वापरतो तशी चेन गिडिअन सुंडबॅक यांच्या नावावर १९१७ साली पेटंट झाली. चेन आली तोवर या जॅकेटची घडण ठरून गेली होती. शिवाय कामकऱ्याच्या दृष्टीने बटण बरं. एक बटण तुटलं तर बाकीची टिकतात. चेनचा एक दात गेला की सगळी चेन गेली.

आज डेनिम जॅकेट म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं, त्याच कंपनीचं तिसऱ्या प्रकारचं जॅकेट. छातीवर दोन खिसे, त्यांची झाकणं टोकदार. खिशांखालून दोन शिवणी निघतात आणि कंबरेकडे एकमेकींजवळ येतात. कॉलर शर्टाची, टोकदार, दुहेरी कापडाची. खालची कड म्हणजे त्याच कापडाची दुहेरी कंबरपट्टी, साधारण चार सेंटिमीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंना घेर कमी-जास्त करायला बटणांच्या छोट्या पट्ट्या. म्हणजे बॉम्बरला रिब आवळते, बायकरला पट्टा आवळतो, आणि डेनिमला बटण. एकच गरज, तीन उत्तरं.

डेनिमच्या बाबतीत मात्र कापडाबद्दल बोलावंच लागतं, कारण इथे नावच कापडाचं आहे. डेनिमचं विणकाम तिरप्या रेघांचं असतं. ताण्याचे, म्हणजे उभे धागे निळीत रंगवलेले, बाण्याचे, म्हणजे आडवे धागे पांढरे. उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. त्यामुळे वरच्या बाजूला निळा जास्त दिसतो आणि आतून कापड फिकट, पांढुरकं दिसतं. ही सगळ्यात सोपी परीक्षा. निळं जॅकेट उलटं करा. आतूनही तेवढंच गडद निळं असेल, तर ते बहुधा विणून मग रंगवलेलं कापड आहे. त्याचा रंग डेनिमसारखा सुंदर उतरत नाही, नुसता विटतो.

जाता जाता एक आपल्या घरची गोष्ट. अशाच जाड सुती कामकरी कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, आणि तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला असं कोशकार सांगतात. डंगरी म्हणजे डेनिमच नव्हे, ती वेगळी. पण कामकऱ्यांच्या अंगावरचं जाड सुती कापड जगाच्या भाषेत गेलं, त्यात डोंगरीचं नाव आहे, हे आपल्याला ठाऊक असावं.

आता भाच्याचं जॅकेट. टेबलावर पालथं टाकल्यावर आम्ही त्यालाच विचारलं, “खालची कड कशाची आहे?” म्हणाला, “ही लवचीक पट्टी.” “म्हणजे रिब. चेन?” “सरळ.” “कॉलर?” “तीही रिबचीच.” मग आम्ही म्हटलं, “अरे, हे बायकर नाहीच. हे बॉम्बर आहे, चामड्यासारख्या कापडाचं.”

त्याच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा इथेच झाला. मोटरसायकलवर पुढे झुकलं की पाठ ताणली जाते आणि जॅकेट वर ओढलं जातं. दुमडलेल्या चामड्याची कड असेल तर सरळ बसल्यावर ती आपोआप खाली येते. रिब मात्र वर चढून कंबरेच्या अरुंद भागाला धरून बसते आणि खाली उतरत नाही. म्हणून पाठ उघडी पडते. आठवतं ना, बॉम्बर हे ताठ बसणाऱ्याचं जॅकेट? गळ्याची रिब वाऱ्याच्या माऱ्याने आणि हेल्मेटच्या पट्ट्याने रोज ओढली जाऊन सैल पडली होती. आणि चेनच्या मागची पट्टी मुळात नव्हतीच.

मग आम्ही आतून एका शिवणीची कापलेली कड बघितली. खरं चामडं असेल तर कापलेल्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात, वाळलेल्या मुळांसारखे. इथे खाली विणलेलं पातळ कापड होतं आणि वर प्लॅस्टिकचा थर. हा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू फुटतो, आणि मग कोपराशी, कॉलरशी सालं निघायला लागतात. वापरलं नाही, नुसतं कपाटात ठेवलं तरी हे होतं. कोकणात आणि मुंबईत तर लवकरच. त्याला तेल लावून, पॉलिश करून उपयोग नाही, कारण ती निगा चामड्याची आहे, प्लॅस्टिकची नाही.

परत करायची मुदत टळली होती. मग आम्ही ठरवलं की हे गाडीसाठी नको, रोजच्या वापराला ठेवायचं, आणि कंबरेची रिब बदलायची. याचं गणित सांगतो, कारण ते कुठल्याही बॉम्बरला लागू पडतं. रिब उसवून जॅकेटचा खालचा घेर मोजला : ११० सेंटिमीटर. जुनी रिब न ताणता मोजली, तर १०४ भरली. म्हणजे ती जवळजवळ घेराएवढीच पसरली होती, आवळणार कुठून? नवी रिब घेराच्या साधारण ८० टक्के घ्यायची, म्हणजे ८८ सेंटिमीटर, शिवाय शिलाईची दाब. रिबचे आणि घेराचे प्रत्येकी चार सारखे भाग पाडायचे, खुणा खुणांवर टाचायच्या, आणि रिब ताणत शिवायचं, कापड ताणायचं नाही. कापड ताणलं की खालची कड लाटांसारखी दिसते. आणि चामडं असो की असं नकली कापड, सुईचं भोक त्यात कायम राहतं. म्हणून शक्य तितकं जुन्याच भोकांतून शिवायचं. शेजारी दुसरी रांग पाडली, तर तिकीट फाडायच्या रेघेसारखी तिथेच फाटते.

रिब नवी झाली, जॅकेट पुन्हा कंबरेला धरायला लागलं. पण आम्ही भाच्याला बजावलं, की हे घालून गाडी चालवायची नाही. यात रुबाबाचा प्रश्न नाही. पडलं तर हा थर आणि खालचं पातळ कापड रस्त्यावर क्षणात फाटतं. खऱ्या चामड्यातही फरक असतो. नुसत्या फॅशनसाठीचं मेंढीचं चामडं अनेकदा एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतं, ते मऊ असतं म्हणून आवडतं. चालवण्यासाठीचं गाईचं किंवा म्हशीचं चामडं त्याहून जाड, एक मिलिमीटरच्या वर. शिवाय चालवायच्या जॅकेटला कोपर-खांद्यांना आत संरक्षक पट्ट्या असतात, आणि युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेलं असेल तर आतल्या लेबलवर ‘ईएन १७०९२’ आणि त्याची श्रेणी लिहिलेली असते. तिरकी चेन आणि चार टिचबटणं असली म्हणजे संरक्षण आलं, असं नाही. ती फक्त वारा अडवतात.

व्याख्यानाच्या शेवटी एका ताईंनी विचारलं, “माझ्याकडे एक जॅकेट आहे. कापड डेनिम, आतून लोकरीसारखं अस्तर, कॉलर फरची, समोर बटणं. त्याला काय म्हणायचं?” आम्ही त्यांनाच म्हटलं, तुम्ही खालची कड सांगा. म्हणाल्या, “त्याच कापडाची पट्टी, बाजूला बटण.” मग ते डेनिम जॅकेटच. फरची कॉलर आणि अस्तर थंडीसाठी जोडलेलं. अशी अस्तराची डेनिम जॅकेटं अमेरिकेत फार पूर्वीपासून आहेत. पण समजा, त्याच डेनिमला खाली रिब आणि समोर सरळ चेन असती, तर आम्ही त्याला डेनिमचं बॉम्बर म्हटलं असतं. आणि तिरकी चेन असती, तर डेनिमचं बायकर.

दुसरा प्रश्न एका गृहस्थांचा होता : “फोटोवरून मागवायचं असेल तर काय बघायचं?” आधी खालच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो शोधा. तो नसेल तर मागा. मग चेन उघडलेली असतानाचा, म्हणजे मागची पट्टी दिसेल. मग आतल्या बाजूचा. पुढून काढलेल्या, चेन बंद असलेल्या एका फोटोवरून फार तर रंग कळेल. आणि तोही खात्रीने नाही.